पुन्हा आलेलं गिऱ्हाईक मोजताना

ब्रिटनमधल्या भेटवस्तू विकणाऱ्या एका दुकानाच्या नोंदींत डिसेंबर २०१० मध्ये ९४८ ग्राहक पहिल्यांदा दिसतात. पुढच्याच महिन्यात त्यांतले ३६२ जण पुन्हा खरेदीला आले, म्हणजे शंभरातले अडतीस. मार्च २०११ मध्ये पहिल्यांदा दिसलेल्या ४४० जणांपैकी मात्र पुढच्या महिन्यात फक्त ८४ परतले, शंभरातले एकोणीस. आकडे खरे आहेत आणि भागाकारही बरोबर आहे. हा कागद मालकापुढे ठेवला, तर त्याचा पहिला प्रश्न असेल, की तीन महिन्यांत असं काय बिघडलं, की परत येणारं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं? पण दुकानात काही बिघडल्याचा पुरावा या कागदात नाहीच. जो फरक दिसतो, त्याचा बराचसा भाग नोंदवही कोणत्या तारखेला उघडली यातून आलेला आहे.

हा कागद म्हणजे कोहोर्ट तक्ता. एकाच महिन्यात पहिली खरेदी केलेल्या सगळ्या ग्राहकांची एक तुकडी करायची आणि पुढच्या प्रत्येक महिन्यात त्या तुकडीतले किती जण पुन्हा ऑर्डर देतात ते मोजायचं, एवढीच त्यामागची कल्पना. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांत हा तक्ता रोजच्या वापरातला आहे. नवीन गिऱ्हाईक जाहिरातीच्या पैशाने आणता येतं, पण ते टिकतं की नाही हे एकूण विक्रीच्या आकड्यात दिसत नाही. दर महिन्याला हजार नवे लोक येत असतील आणि त्यांतले नऊशे पुन्हा तोंड दाखवत नसतील, तरी जाहिरात चालू असेपर्यंत विक्रीचा आलेख चढताच राहतो. तुकड्या पाडल्या की ही गळती उघडी पडते.

तक्ता करायला सोपा आहे. वाचायला तो दिसतो तेवढा सोपा नाही. त्यासाठी हे ब्रिटिश दुकान उत्तम उदाहरण आहे, कारण त्याच्या सगळ्या नोंदी कोणालाही तपासता येतात.

दुकान आणि त्याची वही

दुकानाचं नाव जाहीर केलेलं नाही. लंडन साउथ बँक विद्यापीठातले डाचिंग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एका शोधनिबंधात त्याची माहिती दिली. १९८१ साली सुरू झालेला, सुमारे ८० नोकर असलेला हा व्यवसाय. अनेक वर्षं टपालाने कॅटलॉग पाठवायचे आणि फोनवर ऑर्डर घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती. निबंधाच्या दोनेक वर्षं आधी त्यांनी वेबसाइट काढली आणि सगळा धंदा तिथे नेला. गिऱ्हाइकांत किरकोळ खरेदी करणारे होते, तसे इथून माल उचलून आपल्या दुकानात विकणारे घाऊक व्यापारीही पुष्कळ होते.

१ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातल्या त्यांच्या विक्रीच्या नोंदी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या संग्रहात सर्वांसाठी खुल्या आहेत. एकूण ५,४१,९०९ ओळी. बिलातल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ, आणि ओळीत बिलाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक व वर्णन, नग, तारीख-वेळ, दर, ग्राहक क्रमांक आणि देश. जगभरात विश्लेषणाचं काम शिकणारे हजारो जण आपला पहिला कोहोर्ट तक्ता याच फाइलवर करतात.

एका ग्राहकापासून सुरुवात

तक्ता आतून कसा बनतो हे एकाच ग्राहकावरून कळतं. ग्राहक क्रमांक १२३४७ आइसलंडचा आहे. त्याच्या नावावर १८२ ओळी आहेत, पण बिलं सातच: ७ डिसेंबर २०१०, मग २०११ मध्ये २६ जानेवारी, ७ एप्रिल, ९ जून, २ ऑगस्ट, ३१ ऑक्टोबर आणि ७ डिसेंबर.

यातली सर्वांत जुनी तारीख डिसेंबर २०१० ची, म्हणून हा ग्राहक कायमचा डिसेंबर २०१० च्या तुकडीतला झाला. पुढे त्याने काहीही केलं तरी तुकडी बदलत नाही. आता प्रत्येक बिल पहिल्या महिन्यापासून कितव्या महिन्यात पडलं ते मोजायचं. डिसेंबर हा शून्यावा महिना, जानेवारी पहिला, एप्रिल चौथा, जून सहावा, ऑगस्ट आठवा, ऑक्टोबर दहावा आणि पुढचा डिसेंबर बारावा. तुकडीच्या आडव्या ओळीत या सात घरांत त्याची एकेक हजेरी लागते, बाकीच्या घरांत गैरहजेरी. अशा ९४८ जणांच्या हजेऱ्या एकत्र केल्या की डिसेंबरची ओळ तयार होते.

एक्सेलमध्ये करायचं तर तारीख E या रकान्यात आणि ग्राहक क्रमांक G मध्ये आहे असं धरून दोन नवे रकाने लागतात. I मध्ये त्या ग्राहकाची पहिली तारीख आणि J मध्ये कितवा महिना:

```
I2:  =MINIFS($E:$E,$G:$G,G2)
J2:  =(YEAR(E2)-YEAR(I2))*12+MONTH(E2)-MONTH(I2)
```

काही हजार ओळींवर हे चालून जातं. लाखांच्या घरातल्या ओळींवर पहिलं सूत्र संगणकाला घाम फोडतं, कारण प्रत्येक ओळीसाठी ते सगळा रकाना पुन्हा चाळतं. तेव्हा आधी ग्राहक क्रमांक आणि त्याची सर्वांत जुनी तारीख एवढीच छोटी यादी पिव्होटने करून घ्यावी आणि तिथून तारीख उचलावी.

शेवटच्या पायरीला पिव्होट टेबलमध्ये डावीकडे पहिल्या खरेदीचा महिना घ्यायचा, वर J मधला क्रमांक आणि आत ग्राहकांची संख्या. नवशिक्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. पिव्होट आपणहून ओळी मोजतं. १२३४७ च्या १८२ ओळी म्हणजे १८२ माणसं नव्हेत. प्रत्येक ग्राहक एका घरात एकदाच मोजला जायला हवा, म्हणून मोजणीचा प्रकार `Distinct Count` निवडावा लागतो, आणि पिव्होट तयार करताना `Add this data to the Data Model` या चौकटीत खूण केली नसेल तर हा पर्याय दिसतच नाही. चूक झाली आहे का, हे ओळखायला दोन खुणा आहेत. पुढच्या महिन्यातला आकडा तुकडीच्या मूळ संख्येपेक्षा मोठा निघाला तर नक्कीच माणसांऐवजी बिलं किंवा ओळी मोजल्या गेल्या. आणि शून्याव्या महिन्याच्या रकान्याची बेरीज फाइलमधल्या एकूण ग्राहकांइतकी यायलाच हवी. या फाइलमध्ये ती ४३७२ येते.

तिरक्या रेषेत काय दिसतं

तयार झालेल्या तक्त्याचा शेवटचा भाग असा दिसतो. घरांत माणसांची संख्या आहे.

| पहिली खरेदी (२०११) | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| जुलै | १९१ | ४० | ३९ | ४४ | ५२ | २२ |
| ऑगस्ट | १६७ | ४२ | ४२ | ४२ | २३ | |
| सप्टेंबर | २९८ | ८९ | ९७ | ३६ | | |
| ऑक्टोबर | ३५२ | ९३ | ४६ | | | |
| नोव्हेंबर | ३२१ | ४३ | | | | |

खालच्या ओळी आखूड होत जातात, कारण नोव्हेंबरमध्ये आलेल्या माणसाला परत यायला डिसेंबर हा एकच महिना मिळालेला असतो. म्हणून तक्त्याला त्रिकोणी आकार येतो. रिकामं घर म्हणजे शून्य नव्हे, तो महिना अजून उजाडलेलाच नाही. तिथे शून्य भरून सरासरी काढली तर ती उगाचच खाली येते.

हा तक्ता तीन दिशांनी वाचतात. आडवी ओळ एका तुकडीचा प्रवास सांगते. उभा रकाना वेगवेगळ्या तुकड्यांची एकाच वयातली तुलना करू देतो, म्हणजे पहिल्या खरेदीनंतरच्या महिन्यात जुलैवाले जास्त परतले की सप्टेंबरवाले. तिसरी दिशा तिरकी, खालून डावीकडून वर उजवीकडे. एका तिरक्या रेषेवरची सगळी घरं कॅलेंडरमधल्या एकाच महिन्याची असतात. वरच्या तक्त्यात ४३, ४६, ३६, २३, २२ ही रेषा डिसेंबर २०११ ची आहे आणि तिच्या आतली ९३, ९७, ४२, ५२ ही नोव्हेंबरची.

डिसेंबरची रेषा पाहिली की सगळ्या तुकड्या एकदम कोसळल्यासारख्या वाटतात. सप्टेंबरची तुकडी ९७ वरून ३६ वर, जुलैची ५२ वरून २२ वर. वरच्या जुन्या तुकड्यांचंही तेच: डिसेंबर २०१० च्या तुकडीतले नोव्हेंबरमध्ये ४७४ जण आले होते, म्हणजे बरोबर निम्मे, आणि पुढच्या महिन्यात २६०. कारण साधं आहे. फाइल ९ डिसेंबरला संपते. एकतीस दिवसांच्या महिन्याचे नऊच दिवस नोंदवलेले आहेत आणि तक्त्याने ते पूर्ण महिन्याच्या शेजारी बसवले आहेत. नव्या आणि जुन्या सगळ्या तुकड्या एकाच तिरक्या रेषेवर एकाच वेळी पडल्या, तर दोष ग्राहकांत शोधण्याआधी त्या महिन्याच्या नोंदीत शोधावा. अर्धवट महिना तक्त्यातून काढून टाकणं हाच त्यावर उपाय.

नोव्हेंबरच्या रेषेवर उलटं घडतं. जवळजवळ सगळ्या तुकड्यांचे आकडे चढतात. जुलैच्या तुकडीतले सुरुवातीला शंभरातले एकवीस परतत होते, ते चौथ्या महिन्यात सत्तावीस झाले. ग्राहक अचानक निष्ठावान झाले असं नाही. समोर नाताळ होता, आणि भेटवस्तूंचं दुकान म्हटल्यावर घाऊक व्यापारी त्याआधीच माल भरून घेणार. हीच गोष्ट लक्षात ठेवली तर उभ्या रकान्यातला आणखी एक भ्रम टळतो. जून आणि जुलैच्या तुकड्यांतले पुढच्या महिन्यात प्रत्येकी शंभरातले एकवीस परतले, सप्टेंबरच्या तुकडीतले तीस. नवीन वेबसाइट किंवा सवलत कामी आली असा निष्कर्ष काढायचा मोह इथे होतो. पण सप्टेंबरवाल्यांचा ‘पुढचा महिना’ ऑक्टोबर होता, जुलैवाल्यांचा ऑगस्ट. दोघांचं वय सारखं असलं तरी ऋतू वेगळा होता. खरी तुलना करायची तर दोन वेगळ्या वर्षांतल्या सप्टेंबरच्या तुकड्या शेजारी ठेवाव्या लागतात.

डावी कड

उजवीकडचा अर्धवट महिना थोड्या सरावाने लक्षात येतो. डावीकडची अडचण जास्त खोल आहे, कारण तिथे आकडा पडत नाही, उलट छान दिसतो.

डिसेंबर २०१० च्या तुकडीतले ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला शंभरातले तेहतीस ते चाळीस जण परतत राहिले. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या तुकड्यांचं पहिल्या महिन्याचं प्रमाण चोवीस-पंचवीस, मार्चचं एकोणीस, एप्रिलचं तेवीसच्या आसपास. डिसेंबरची तुकडी इतकी सरस का? दुकान १९८१ पासून चालू आहे, पण फाइल मात्र १ डिसेंबर २०१० ला सुरू होते. त्या महिन्यात जो कोणी ऑर्डर देईल, त्याची फाइलमधली सर्वांत जुनी तारीख डिसेंबरचीच असणार, मग तो दहा वर्षांचा नेहमीचा व्यापारी का असेना. म्हणजे ही तुकडी नव्यांची नाहीच. जुन्या, नियमित गिऱ्हाइकांचा मोठा घोळका तीत आला आहे, आणि नियमित गिऱ्हाईक नियमितपणे परततं, यात नवल नाही.

पुष्कळ जण इथवर येतात, डिसेंबरची ओळ खोडतात आणि उरलेल्या तक्त्यावर विश्वास ठेवतात. तो विश्वास कितपत योग्य आहे, हे तपासायची सोय नंतर झाली. त्याच दुकानाची आदल्या वर्षाचीही नोंद असलेली मोठी फाइल पुढे त्याच संग्रहात आली. तिच्यात १ डिसेंबर २००९ पासूनच्या १०,६७,३७१ ओळी आहेत. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, त्यामुळे ती दोन पानांत आहे. पहिल्या पानावर ९ डिसेंबर २०१० पर्यंतचे ४३८३ ग्राहक आहेत. दुसरं पान म्हणजे आपली जुनी फाइल, ४३७२ ग्राहकांची. दोन्ही पानांवर मिळून वेगवेगळे ग्राहक ५९४२.

आता साधी वजाबाकी करू. ५९४२ मधून ४३८३ गेले की १५५९ उरतात. ९ डिसेंबर २०१० नंतर पहिल्यांदाच दिसलेले ग्राहक एवढेच. एक वर्षाच्या तक्त्यात मात्र जानेवारी ते डिसेंबर २०११ या तुकड्यांची बेरीज ३४२४ आहे, आणि त्या सगळ्यांना तक्ता नवीन म्हणतो. म्हणजे किमान १८६५ जण, निम्म्याहून जास्त, मुळीच नवीन नव्हते. आदल्या वर्षी त्यांनी खरेदी केलेली होती. कोणी मार्चमध्ये माल घेतला असेल, मग वर्षभर थांबून पुन्हा मार्चमध्ये आला असेल, आणि एक वर्षाच्या फाइलने त्याला नवागत म्हणून मार्च २०११ च्या तुकडीत बसवलं असेल. एक ओळ खोडून हे दुरुस्त होत नाही. डावी कड तक्त्यात बरीच आतपर्यंत शिरलेली आहे.

यावर उपाय एकच, मागची नोंद मिळवणं. ज्या महिन्यापासून तुकड्या पाडायच्या, त्याच्या आधीच्या निदान वर्षभराच्या नोंदी हाताशी ठेवायच्या आणि त्यांत जो ग्राहक दिसला नाही त्यालाच नवीन म्हणायचं. त्या आधीच्या वर्षाच्या तुकड्या तक्त्यात छापायच्या नाहीत. त्या वर्षाचं काम जुन्यांना ओळखून बाजूला काढणं, एवढंच.

ग्राहक कोण, ऑर्डर कोणती

तक्त्याचा प्रत्येक आकडा दोन गोष्टींवर उभा असतो: हा माणूस तोच आहे का, आणि त्याने केली ती खरेदी होती का. या फाइलमध्ये दोन्हींची गंमत दिसते.

५,४१,९०९ ओळींपैकी १,३५,०८० ओळींत ग्राहक क्रमांकच नाही. जवळपास चौथा भाग. या ओळी कुठल्याच तुकडीत बसत नाहीत, म्हणून त्या वगळाव्याच लागतात. पण एखाद्या ग्राहकाचं एक बिल क्रमांकासह आणि पुढचं क्रमांकाशिवाय फाडलं गेलं असेल, तर तो परत आला असूनही तक्त्यात गैरहजर दिसणार. किती जणांचं असं झालं हे फाइलवरून सांगता येत नाही. म्हणून परतीच्या प्रमाणाशेजारी एवढ्या नोंदी वगळल्या आहेत हे लिहिणं आवश्यक ठरतं.

दुसरा प्रश्न रद्द झालेल्या ऑर्डरींचा. या दुकानात बिल रद्द झालं किंवा माल परत आला, की क्रमांकाच्या आधी C लावून उणे नगांचं नवं बिल होतं. वर दिलेल्या तक्त्यात ही बिलंही हजेरी म्हणून मोजलेली आहेत. ती काढून टाकली की ग्राहक ४३७२ वरून ४३३९ होतात. तेहतीस जणांच्या नावावर फक्त परतीची बिलं होती. डिसेंबर २०१० ची तुकडी ९४८ वरून ८८५ वर येते, आणि मार्चची मात्र ४४० वरून ४५२ वर जाते. डिसेंबरमध्ये ज्यांनी फक्त माल परत केला होता, त्यांची पहिली खरेदी आता पुढच्या एखाद्या महिन्यात सरकते. यातून डाव्या कडेचाही पुरावा मिळतो: ज्याची पहिली नोंदच परतीची आहे, त्याने तो माल वही उघडण्याआधी घेतलेला असणार.

C ची बिलं वगळली म्हणजे सगळं साफ झालं असं मात्र नाही. ग्राहक क्रमांक १२३४६ पाहा. १८ जानेवारी २०११ रोजी सकाळी १० वाजून १ मिनिटाने त्याने चिनी मातीच्या झाकणाच्या ७४,२१५ बरण्या मागवल्या. १० वाजून १७ मिनिटांनी सगळी ऑर्डर रद्द. या फाइलमध्ये त्याची दुसरी नोंद नाही. C ची ओळ काढली तरी मूळ बिल राहतं, म्हणून हा माणूस जानेवारीच्या तुकडीत नवा ग्राहक म्हणून बसतो आणि पुढच्या प्रत्येक महिन्यात न परतलेला म्हणून गणला जातो. तो हटवायचा तर रद्द झालेलं बिल त्याच्या मूळ बिलाशी जुळवून दोन्ही काढावी लागतात. पैशांच्या तक्त्यात असा माणूस काय उत्पात घडवील, ते वेगळं सांगायला नको.

परतीचा आणि टिकण्याचा फरक

आइसलंडचा १२३४७ फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तक्त्यात गैरहजर होता. त्या दोन महिन्यांत दुकानाने त्याला गमावलेला ग्राहक म्हटलं असतं, तर ते साफ चुकलं असतं. त्याच्या दोन बिलांमधलं अंतर ५०, ७१, ६३, ५४, ९० आणि ३७ दिवसांचं आहे. साधारण दोन महिन्यांनी माल भरणारा हा व्यापारी. अशा माणसाची महिन्याच्या महिन्याला हजेरी घेतली, तर नेहमीचा असूनही तो वर्षातल्या निम्म्याच महिन्यांत दिसतो.

म्हणूनच या प्रकारच्या तक्त्यात टक्का खाली जाऊन पुन्हा वर येऊ शकतो. जानेवारीच्या तुकडीत पहिल्या महिन्यात १०१ जण आले आणि दुसऱ्यात ११९. गेलेली माणसं परत आली असा त्याचा अर्थ नाही. खरेदीची पाळी ज्याची त्या महिन्यात आली तो दिसला. मासिक वर्गणीच्या धंद्यात न भरलेला महिना म्हणजे तुटलेला ग्राहक असं बऱ्यापैकी म्हणता येतं. जिथे माणूस मनाला येईल तेव्हा खरेदी करतो, तिथे तक्ता फक्त त्या महिन्याची हजेरी सांगतो. महिनाही कॅलेंडरचा असल्याने ३१ जानेवारीला पहिली आणि १ फेब्रुवारीला दुसरी खरेदी करणारा एका दिवसात ‘पुढच्या महिन्यात परतला’ ठरतो, आणि १ व ३१ जानेवारीला खरेदी करणारा, फेब्रुवारीत आला नाही तर, न परतलेला. माल किती दिवसांनी संपतो ते पाहून घराची रुंदी ठरवावी. या दुकानाला महिन्यापेक्षा तिमाही जास्त शोभली असती.

सरासरी काढतानाही थोडं थांबावं लागतं. सगळ्या तुकड्या धरून पहिल्या महिन्यात परतलेले ४३३१ पैकी ११३१, म्हणजे २६.१ टक्के. फुगलेला डिसेंबर २०१० आणि नऊच दिवस मिळालेला नोव्हेंबर वगळला तर ३०६२ पैकी ७२६, म्हणजे २३.७ टक्के. इथे टक्क्यांची सरासरी न घेता माणसांची बेरीज करून भागाकार केला आहे, नाहीतर १६७ जणांची ऑगस्टची तुकडी आणि ४४० जणांची मार्चची तुकडी सारख्याच वजनाची झाली असती. आणि या २३.७ टक्क्यांतही आपण वर पाहिलेले १८६५ जुने लोक मिसळलेले आहेतच.

आपल्याकडे करताना

चटण्या, मसाले, साड्या किंवा साबण ऑनलाइन विकणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिकाला हाच तक्ता एका दुपारी करता येतो, पण काही गोष्टी इथल्या आहेत. ग्राहक क्रमांक म्हणून बहुधा मोबाइल नंबर वापरला जातो. एकाच नंबरवर सून आणि सासू दोघी मागवत असतील तर तुकडीत एकच माणूस दिसेल, आणि कोणी नंबर बदलला तर जुना ग्राहक तुटून नवा उगवेल. कॅश ऑन डिलिव्हरीत पार्सल दारातून परत जाणं नित्याचं असल्याने ऑर्डर टाकल्याची तारीख धरून चालत नाही. माल पोचून पैसे मिळालेल्या ऑर्डरीच मोजाव्यात, नाहीतर १२३४६ सारखे ग्राहक दर महिन्याला डझनांनी निघतील.

सणाचा प्रश्न तर ब्रिटनपेक्षा अवघड आहे. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, दिवाळी तशी येत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. फराळाची खरेदी त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत होते, म्हणजे एका वर्षी तिचा मोठा भाग नोव्हेंबरच्या घरात जातो आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या. दोन वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवले तर धंदा वाढल्यासारखा दिसेल, नोव्हेंबर ठेवले तर बुडाल्यासारखा. असा तक्ता दिवाळीच्या आधी आणि नंतर किती आठवडे, असा मांडावा किंवा दोन्ही महिने एका घरात घ्यावेत.

ग्राहक का परतला नाही, हे या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी फोन करून विचारावंच लागतं. कोणी किती रुपयांचा माल घेतला हेही त्यात नाही. दहा रुपयांचा आणि दहा हजारांचा ग्राहक इथे एकाच हजेरीचा धनी असतो. जेवढं तक्ता सांगतो तेवढं विश्वासाने घ्यायचं असेल, तर त्याच्या डोक्यावर चार गोष्टी छापलेल्या असाव्यात: नोंदी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या आहेत, जुने ग्राहक ओळखायला मागची किती वर्षं पाहिली, ग्राहक क्रमांक नसलेल्या किती ओळी सोडल्या आणि रद्द झालेल्या ऑर्डरींचं काय केलं. या चार ओळी नसलेला तक्ता कोणी पुढे ठेवला, तर टक्के पाहण्याआधी त्या मागून घ्याव्यात.